नंबर नसलेला चष्मा

"काकू, तुमच्या डोळ्याले नंबर नाही म्हणता, मंग दिवसभर चष्मा काऊन लावता?"

उजवा डोळा वाचवायला. डावा गेला, आणि उजव्याला आता जोडीदार नाही.

डावा कसा गेला ते आधी सांगते. वरूड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. मृग बहाराची तोड झाली की झाडातली सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, काढून टाकाव्या लागतात. २०१९च्या मार्चात मी झाडात डोकं घालून सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, सल काढत होते. एक काडी डाव्या डोळ्यात टोचली. पाणी मारलं, कचरा गेला असं वाटलं. तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला, म्हणून औषधाच्या दुकानातून थेंब आणले. दोन दिवस लाली उतरली, आम्हाला बरं वाटलं. पण त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. झाडाच्या काडीने झालेल्या जखमेत बुरशी शिरते, आणि स्टेरॉइडने लाली दबते पण बुरशीला मोकळं रान मिळतं. मोठ्या डॉक्टरकडे पोचलो तोवर बुबुळावर पांढरा ठिपका पडला होता. मग नॅटामायसिन या बुरशी मारणाऱ्या औषधाचे थेंब सुरू झाले, तासातासाला, रात्रीसुद्धा. डोळा जागेवर राहिला, नजर गेली. डोळ्याला काडी लागली तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा, एवढं माझ्यावरून तरी घ्या.

पुढचे सहा-आठ महिने मी अंतर नव्याने शिकले. दोन्ही डोळे एकच वस्तू थोड्या वेगळ्या कोनातून पाहतात आणि त्या फरकावरून मेंदू अंतर काढतो. ही सोय सगळ्यात कामाला येते ती हाताच्या टप्प्यात. रस्त्यावरची एसटी किती लांब आहे ते मला पूर्वीसारखंच कळतं, कारण तिथे आकार, सावली, कशाच्या मागे काय झाकलं आहे, यावरून काम भागतं. पण गंजातला चहा कपात ओतताना धार बशीत जायची. सुईत दोरा ओवताना दोरा सुईच्या पुढून निघून जायचा. आता मी आधी गाळणी कपाच्या काठाला टेकवते, मग ओतते. सुई आणि दोरा दोन्ही हातांच्या बोटांना एकमेकांचा आधार देऊन धरते. पायरी उतरताना टाचेने कड चाचपते. तिन्हीसांजेला सावल्या पुसट झाल्या की ओट्याची कड दिसत नाही, म्हणून तिथे चुन्याचा पट्टा मारून घेतला आहे.

एक युक्ती कोणी शिकवली नाही, शरीरानेच शोधली. कशाचं अंतर कळेना की मी मान जराशी डावी-उजवी हलवते. एसटीच्या खिडकीतून पाहताना जवळचे खांब सुसाट पळतात आणि लांबची टेकडी जागची हलत नाही, तसंच इथे होतं. जवळची फांदी जास्त सरकते, मागची कमी. तेवढ्यावरून कोणती अलीकडे आणि कोणती पलीकडे ते कळतं.

पण एका ठिकाणी ही युक्ती वेळेवर कामी येत नाही, आणि चष्म्याचं खरं कारण तिथेच आहे. नेमकी डोळ्याच्या दिशेने रोखलेली काडी. दोन डोळे असतील तर एका डोळ्याच्या समोर आलेली काडी दुसऱ्याला बाजूने दिसते, तिची लांबी कळते. एका डोळ्याला मात्र ती काडी काडी दिसतच नाही, करडा ठिपका दिसतो. तो ठिपका दोन हातांवर आहे की चार बोटांवर, हे मान हलवल्याशिवाय कळत नाही, आणि काम करताना मान पुढे आधी जाते. शिवाय डावीकडचं नाकाच्या पलीकडे काही दिसत नाही. म्हणून बागेत घरचे माझ्या डाव्या हाताला उभे राहून काम करतात.

चष्मा घ्यायला गेले तेव्हा दुकानदार काचेचाच घ्या म्हणाला, ओरखडे पडत नाहीत म्हणून. खरं आहे. पण काच फुटली तर तिचेच तुकडे डोळ्यात जातात. साधं प्लास्टिक काचेपेक्षा बरं, तरी जोराच्या माराला तडकू शकतं. एक डोळा असणाऱ्याने पॉलीकार्बोनेट नावाचं मजबूत प्लास्टिकच घ्यावं, असं मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते वाकेल, दबेल, सहसा फुटत नाही. उन्हातले अतिनील किरणही ते पारदर्शक असूनच अडवतं, म्हणून काळ्या गॉगलची गरज नाही. झाडाखाली तर काळी भिंगं नकोतच, आधीच कमी असलेल्या सावलीच्या खुणा त्याने आणखी पुसल्या जातात. घरातल्या चष्म्याला मी मधोमध २ मिलिमीटर जाडीची भिंगं घेतली, बागेच्या कामाला ३ मिलिमीटरची. बिलावर पॉलीकार्बोनेट असं लिहून घेतलं.

भिंगाइतकीच फ्रेम महत्त्वाची, आणि इथे बहुतेकजण फसतात. भिंग मजबूत आणि फ्रेम साधी असेल तर मार बसल्यावर भिंग निखळून मागे, डोळ्यावरच येतं. म्हणून बागेसाठी मी बाजूला झाकण असलेला सुरक्षा चष्मा घेतला, ज्याच्या भिंगावर आणि फ्रेमवर दोन्हीकडे Z87+ हे अमेरिकी सुरक्षा मानकाचं चिन्ह कोरलेलं आहे. त्यातलं अधिकचं चिन्ह म्हणजे जोराच्या माराची चाचणी झालेली आहे. फुटपाथवरच्या गॉगलवर असं काही नसतं.

ग्रास कटर चालवताना मात्र चष्म्यावरून तोंडाची जाळी किंवा पारदर्शक पडदाही लावायचा. नुसता पडदा पुरत नाही, कारण खडा खालून, हनुवटीच्या बाजूने आत येतो. फवारणीला बाजूने पूर्ण बंद गॉगल लागतो. मे महिन्यात तो घामाने धुकाळतो, तेव्हा मी फवारणी सकाळी लवकर उरकते. गॉगल काढून फवारायचं, हे मात्र नाही.

पॉलीकार्बोनेटला ओरखडे लवकर पडतात, हा त्याचा दोष. पदराने कोरडं पुसायचं नाही. आधी पाण्याखाली धरून धूळ वाहू द्यायची, मग मऊ फडक्याने टिपायचं. थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं पाणी लागलं तर भिंगाला बारीक जाळीदार तडे जातात, असं भिंग फेकायचं.

मागच्या मार्चात सल काढताना टक्कन आवाज झाला. मी मागे सरले आणि चष्मा काढून उन्हात धरला. उजव्या भिंगावर बाहुलीच्या बरोबर समोर तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा ओरखडा होता, टोकाला काडीचा करडा भुसा चिकटलेला. घरच्यांना मी तो दाखवला. त्यांनी काही न बोलता माझ्या हातातलं सिकेटर घेतलं. त्याच आठवड्यात आम्ही नवं भिंग बसवून आणलं, कारण ओरखडा पडलेल्या जागी पुढचा मार तेवढा झेलला जात नाही.