चाळीस सेकंदांचं चक्रवाढ

आज टपरीवर चक्रवाढ व्याजाचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ शूट केला. उदाहरण टपरीवाल्या काकांचंच: १०,००० रुपये, दर १० टक्के (सोयीसाठी धरलेला, एवढी एफडी शोधत बसू नका). पहिल्या वर्षी व्याज १,०००, दुसऱ्या वर्षी १,१००, तिसऱ्या वर्षी १,२१०. सरळव्याजापेक्षा जास्त किती? ३१० रुपये!

काका गाळणी आपटत म्हणाले, "एवढ्यासाठी कॅमेरा आणलास होय?"

रिटेक. वीस वर्षं धरली. मुद्दलासकट सरळव्याजाने ३०,०००, चक्रवाढीने साधारण ६७,२७५. काका थांबले. मग म्हणाले, "आणि दरवर्षी व्याज काढून दूधवाल्याची उधारी फेडली तर?"

तर तीसच हजार, काका. वाढतं ते न काढलेल्या व्याजावरचं व्याज.

नेमकं हेच वाक्य चाळीस सेकंदांत बसलं नाही. उद्या परत जातोय.