प्रोबेशनमधला माझा पहिला रजेचा अर्ज

ऑगस्टच्या १ तारखेला मी पुण्यातल्या एका वितरक कंपनीत लेखा विभागात रुजू झाले. प्रोबेशन ६ महिन्यांचं. दिवाळीच्या सुमारास ताईचं लग्न ठरलं: सोलापूरला, २३ नोव्हेंबर, रविवार. शनिवारी हळद, सोमवारी सत्यनारायण. आमच्या ऑफिसला सुट्टी फक्त रविवारची, म्हणजे मला शनिवार आणि सोमवार हवा होता. शुक्रवारी काम संपवून रात्रीच्या गाडीने निघता येणार होतं.

रजेचा अर्ज आमच्याकडे अजूनही मराठीत, कागदावर द्यावा लागतो. माझा पहिला मसुदा पानभर झाला. सुरुवातच अशी: "मी नवीन असताना रजा मागणे योग्य नाही याची मला पूर्ण जाणीव आहे, तरी कृपया समजून घ्यावे." पुढे वडिलांची तब्येत, घरात करायला दुसरं कोणी नाही, तिकीट काढून झालंय, सगळं लिहिलं होतं. तारखा थेट शेवटच्या ओळीत.

देण्याआधी मी तो आमच्या विभागातल्या काकूंना दाखवला. त्या तिथे १४ वर्षं आहेत. त्यांनी पेन्सिलीने पहिलं वाक्य खोडलं. "अगं, रजा मागण्यात गुन्हा नाही. तूच चूक म्हटलंस तर साहेब तरी काय म्हणणार?" मग तिकिटाची ओळ खोडली. तिकीट काढलंय म्हटलं की विचारणं राहत नाही, कळवणं होतं, आणि नव्या माणसाकडून ते कुणालाही खटकतं. वडिलांच्या तब्येतीचंही त्यांना पटलं नाही. सख्ख्या बहिणीचं लग्न हे कारण पुरेसं असताना दुसरं जोडलं की पहिल्यावरच शंका येते, असं त्यांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटलं.

मग त्यांनी विचारलं, "नियुक्तीपत्र वाचलंस का?" मी पगाराचा आकडा सोडून फारसं काही वाचलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं की प्रोबेशनमध्ये हक्काची रजा नाही, फक्त नैमित्तिक रजा, तिमाहीला २. रजेच्या मधे आलेली साप्ताहिक सुट्टीही रजेतच धरली जाईल. शिवाय बिनपगारी रजेइतके दिवस प्रोबेशन पुढे जाईल. म्हणजे मी मागत होते २ दिवस, पण हिशेबात ते होणार होते ३. दोन भरपगारी, एक बिनपगारी. माझा पगार २४,००० रुपये, भागिले ३०, म्हणजे ८०० रुपये कापले जाणार. हे आधी कळलं म्हणून बरं, नाहीतर पगाराच्या दिवशी मी वाद घालायला गेले असते.

कामाचं मात्र नीट जुळत होतं. आमच्याकडे महिन्याची खरी धावपळ २० तारखेपर्यंत असते, कारण त्या दिवशी जीएसटीचं 3B रिटर्न भरायचं असतं. माझी रजा त्यानंतरची. उरत होत्या बँकेच्या रोजच्या नोंदी. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मी आधी विचारलं, तो हो म्हणाला, आणि मगच त्याचं नाव अर्जात घातलं. न विचारता नाव लिहिलं असतं तर साहेबांनी त्याला हाक मारल्यावर माझीच पंचाईत झाली असती.

अर्ज देण्याआधी साहेबांना तोंडी सांगितलं. "सर, २३ नोव्हेंबरला सख्ख्या बहिणीचं लग्न आहे. शनिवार, सोमवार रजा हवी होती. चालेल का? अर्ज आजच देते." ते म्हणाले, "3B होऊन जाईल ना?" मी हो म्हटलं. बोलणं तेवढंच. मग हा अर्ज दिला:

"विषय: दि. २२ व २४ नोव्हेंबर रोजी रजा मिळण्याबाबत.

महोदय, माझ्या सख्ख्या बहिणीचा विवाह दि. २३ नोव्हेंबर रोजी सोलापूर येथे आहे. त्यासाठी मला शनिवार दि. २२ व सोमवार दि. २४ या दोन दिवसांची रजा मिळावी, ही विनंती. नियमानुसार रविवार रजेत धरला गेल्यास माझ्या खात्यावरील २ नैमित्तिक रजा वापरून उरलेला १ दिवस बिनपगारी धरावा.

ऑक्टोबरचे जीएसटी रिटर्न दि. २० पर्यंत भरून होईल. बँकेच्या नोंदी माझ्या अनुपस्थितीत माझे सहकारी पाहतील, त्यांच्याशी बोलणे झाले आहे. मी मंगळवार दि. २५ रोजी सकाळी कामावर हजर होईन."

बिनपगारीचं वाक्य लिहू की नको, यावर मी बराच वेळ अडले होते. आपणहून पैसे सोडल्यासारखं वाटत होतं. पण नियम तर लागणारच होता, आणि मी तो वाचलाय हे साहेबांना दिसावं असं मला मनापासून वाटलं. खात्यावर रजा पुरेशी असती तर हे वाक्य मी लिहिलं नसतं.

साहेबांनी त्याच दिवशी सही केली. त्या कागदाची मी झेरॉक्स काढून ठेवली. नोव्हेंबरच्या पगारातून ८०० रुपये कमी आले. प्रोबेशन ३१ जानेवारीऐवजी १ फेब्रुवारीला संपलं आणि २ तारखेला कायम झाल्याचं पत्र हातात पडलं.