डेपोला पाठवलेली चिठ्ठी

वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात मी गुणवत्ता विभागात काम करते. आमचं औषध बाजारात गेल्यावरही त्याची तपासणी थांबत नाही. प्रत्येक वर्षी काही बॅचचे नमुने ठरलेल्या तापमानात आणि आर्द्रतेत ठेवून आम्ही काही महिन्यांनी पुन्हा तपासतो. अशाच एका बॅचच्या १८ महिन्यांच्या तपासणीत औषधाचं प्रमाण लेबलवर लिहिलेल्या प्रमाणाच्या ९३.८ टक्के आलं. मर्यादा ९५ ते १०५ टक्के आहे. त्या बॅचच्या १४० पेट्या अजून फोंड्याजवळच्या डेपोत होत्या.

मी लगेच डेपोला लिहिलं : ‘सदर बॅच १८एम एलटी स्टॅबिलिटीला ओओएस. फेज-वन चालू. एफजी होल्ड करावे, क्यूए क्लिअरन्सपर्यंत.’

आमच्या विभागात ही चिठ्ठी कुणीही एका नजरेत वाचली असती. संध्याकाळी दुसऱ्याच कामासाठी डेपोच्या काकांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “बाय, तुमच्या त्या पेट्या होल्ड केल्या हां. उद्या सकाळी हॉस्पिटलची गाडी येते, त्यांच्यासाठीच राखल्यात.” माझ्या पोटात गोळा आला. त्यांच्याकडे होल्ड म्हणजे गिऱ्हाइकासाठी माल राखून ठेवणं. आणि ओओएस म्हणजे ‘आऊट ऑफ स्टॉक’, माल संपला. माझ्या मनात होतं ‘आऊट ऑफ स्पेसिफिकेशन’, म्हणजे निकाल मर्यादेबाहेर. बॅच आधीच विक्रीला मोकळी झालेली असल्यामुळे त्यांच्या संगणकानेही ती अडवली नसती. माल संपला म्हणजे कारखान्यात संपला, आपल्याकडचा राखून ठेवायला सांगताहेत, असा त्यांनी अर्थ लावला आणि तो त्यांच्या बाजूने अगदी सरळ होता. गाडी फोनवरच थांबवली.

त्या रात्री मी चिठ्ठी पुन्हा लिहायला घेतली. आधी वाटलं, आद्याक्षरं फोडून पूर्ण शब्द लिहिले की झालं. ‘आऊट ऑफ स्पेसिफिकेशन’ असं लिहून पाहिलं. गैरसमज टळला असता, पण काकांना करायचं काय, ते त्यातूनही कळत नव्हतं. मग प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारला : हा वाचून डेपोतला माणूस काय करेल? ‘फेज-वन’ म्हणजे प्रयोगशाळेतच चूक झाली का, याची पहिली तपासणी : गणित, उपकरण, द्रावण. काकांना त्याचा काही उपयोग नाही, तो शब्द गेला. ‘एलटी’ म्हणजे दीर्घकालीन आणि ‘१८एम’ म्हणजे १८ महिने, तेही गेले. ‘एफजी’ म्हणजे तयार माल, त्याऐवजी पेट्या. बॅच क्रमांक मात्र अक्षर न अक्षर ठेवला, कारण पेटीवर तोच छापलेला असतो.

सर्वांत जास्त वेळ ‘होल्ड’ने घेतला. ओओएस न समजल्यास माणूस निदान विचारायला येण्याची शक्यता असते. रोजच्या वापरातल्या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊकच आहे, असं समजून तो पुढे जातो. म्हणून तिथे कृतीच लिहिली : गाडीत चढवू नका, वेगळ्या जागी ठेवा, लाल चिठ्ठी लावा.

दुसरी अडचण आमच्या साहेबांनी दाखवली. मी ‘औषध कमी ताकदीचे निघाले’ असं लिहिलं होतं. ते म्हणाले, तपास पुरा झालेला नाही, चूक प्रयोगशाळेची असू शकते. हे वाक्य बाहेर गेलं तर आपण निकाल आधीच जाहीर केल्यासारखं होईल. ते बरोबरच होतं. ‘ओओएस’मध्ये ती सावधगिरी दडलेली असते, सोप्या वाक्यात ती उघड लिहावी लागते. शेवटी, वर बॅच क्रमांक लिहून, असं ठरलं :

‘या बॅचच्या १४० पेट्या आजपासून कोणालाही देऊ नका. गाडीत चढवू नका. वेगळ्या ठेवून लाल चिठ्ठी लावा. एका तपासणीत औषधाचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी दिसले आहे. हा निकाल बरोबर आहे की नाही ते आम्ही तपासत आहोत. आमचे लेखी पत्र येईपर्यंत पेट्या हलवू नका.’

तपासाच्या अहवालात मात्र मी ओओएस, फेज-वन तसेच ठेवले. तो अहवाल वाचणारे तपासनीस तेच शब्द शोधतात.

पाठवण्यापूर्वी मी डेपोतल्या एका नव्या मुलाला फोनवर मजकूर वाचून दाखवला. “समजलं का?” असं विचारलं नाही, कारण त्याला कुणीही ‘हो’च म्हणतो. “आता तू काय करणार?” असं विचारलं. तो म्हणाला, “पेट्या वेगळ्या काढीन, लाल चिठ्ठी लावीन. पण बाय, आधीच गेलेल्या पेट्यांचं काय?”

ते मी लिहिलंच नव्हतं. शेवटी आणखी एक ओळ घातली : ‘या बॅचच्या किती पेट्या कोणाला गेल्या, त्याची यादी आज संध्याकाळी पाचपर्यंत पाठवा.’ यादी साडेचारला आली.