उभ्या गाडीचा हॉर्न वाजवायचा नाही

इंग्लंडला घरून कोणी राहायला आलं की दोन दिवसांत एक प्रश्न हमखास येतो. इथे हॉस्पिटलच्या बाहेर ‘शांतता क्षेत्र, हॉर्न वाजवू नये’ अशी पाटी का नाही? आणि पाटी नसूनही इतकं शांत कसं? लोक शिस्तीचे आहेत, असं उत्तर देऊन मोकळं होता येतं, पण मला ते पटत नाही. माणसं सगळीकडे सारखीच घाईत असतात. फरक नियम कसा बांधलाय त्यात आहे, आणि तो मला मनापासून आवडतो.

‘हायवे कोड’ हे इथलं वाहतूक नियमांचं सरकारी पुस्तक. त्यातला ११२ क्रमांकाचा नियम हॉर्नचा. त्याचं सार असं: गाडी चालत असेल आणि रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाला आपण इथे आहोत हे कळवणं गरजेचं असेल, तेव्हाच हॉर्न वाजवायचा. राग काढायला कधीच नाही. गाडी रस्त्यावर उभी असताना वाजवायचा नाही. वस्तीच्या भागात रात्री साडेअकरा ते सकाळी सात वाजवायचा नाही. या दोन्ही मनाईंना अपवाद एकच, दुसऱ्या कोणामुळे धोका निर्माण झाला तर. यात हॉस्पिटलही नाही आणि शाळाही नाही.

पण आपल्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलच्या फाटकासमोरचा आवाज आठवून पाहा. आत जाण्यासाठी लागलेली रांग, वळण घेताना अडकलेली टॅक्सी, रिक्षातून उतरणारे आजी-आजोबा आणि त्यांच्यामागे खोळंबलेली चार वाहनं. यातली बहुतेक वाहनं उभी असतात. म्हणजे ‘उभ्या गाडीतून हॉर्न नाही’ या एका ओळीतच तिथला बहुतेक गोंगाट बसतो. इथेही भेटीच्या वेळी हॉस्पिटलच्या पार्किंगबाहेर लांब रांग लागते, लोक वैतागतात. पण रांग हलत नाही म्हणजे गाडी उभी आहे, आणि गाडी उभी आहे म्हणजे हॉर्न बंद. शांतता क्षेत्रासाठी मोजतात तसे हॉस्पिटलपासून शंभर मीटर चालकाला मोजावे लागत नाहीत, पाटी शोधावी लागत नाही. आपली गाडी उभी आहे की चालते आहे, एवढं प्रत्येकाला कळतं.

रात्रीच्या मनाईला जुना इतिहास आहे. १९३४ साली लेस्ली होर-बेलिशा वाहतूकमंत्री झाले. झेब्रा क्रॉसिंगच्या दोन्ही टोकांना काळ्या-पांढऱ्या खांबांवर जे नारिंगी गोल दिवे लुकलुकतात, त्यांना आजही ‘बेलिशा बीकन’ म्हणतात, तेच हे. त्यांनी त्याच वर्षी आधी लंडनच्या मध्यभागात रात्रीचा हॉर्न बंद केला आणि नंतर ती मनाई देशभरच्या वस्त्यांना लागू झाली. हॉस्पिटलं, वसतिगृहं, घरं सगळी एका फटक्यात शांतता क्षेत्रात आली.

रोजच्या जगण्यात हे कुठे येतं? पहाटेच्या विमानासाठी टॅक्सी सांगितलेली असते. साडेचारला ती दाराशी येते. आपल्याकडे खालून दोन वेळा हॉर्न ऐकू आला की बॅगा घेऊन निघायचं, ही पद्धत. इथे तो हॉर्न दोन कारणांनी चूक ठरतो, गाडी उभी आहे आणि सात वाजलेले नाहीत. म्हणून चालक फोन करतो, मेसेज पाठवतो किंवा उतरून दार वाजवतो. पाहुण्यांना निरोप देताना ‘पीप’ करून निघणं हेसुद्धा नियमात बसत नाही, कारण त्यात धोक्याची सूचना नाही. ते कितीही प्रेमाचं असलं तरी शेजारचं झोपलेलं बाळ त्याने उठतंच.

सिग्नल हिरवा झाला आणि पुढची गाडी हलली नाही, तर? यावर इथे राहणाऱ्या आपल्या लोकांत खूप वाद होतात. नियम सरळ वाचला तर तुम्ही उभे आहात, धोका नाही, म्हणून थांबायचं. प्रत्यक्षात पुष्कळ जण एक हलकासा पीप करतात आणि कोणी त्यांना पकडत नाही, हेही खरं. पण तोच प्रसंग थोडा बदला. तुम्ही उभे आहात आणि पुढची गाडी मागे न बघता रिव्हर्स घेत तुमच्या बॉनेटकडे येते आहे. आता हॉर्न वाजवायलाच हवा. धोका हलत्या गाडीचा आहे आणि तो टाळायला तुमच्या हातात दुसरं काही नाही. दिवस असो, मध्यरात्र असो, हॉस्पिटलचं दार असो.

शाळेपाशी प्रकरण अधिक नाजूक होतं. दुपारी सव्वातीनच्या सुमारास प्राथमिक शाळा सुटते. फाटकासमोर रस्त्यावर पिवळ्या नागमोडी रेषा असतात, तिथे गाडी थांबवायची नाही. हातात गोल फलक घेतलेली ‘लॉलीपॉप लेडी’ मुलांना रस्ता ओलांडून देते. तिने फलक दाखवला की थांबणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि थांबलात की हॉर्नचा प्रश्नच संपला. प्रश्न उरतो तो चालत्या गाडीचा. दोन उभ्या गाड्यांमधून एखादं मूल अचानक पुढे आलं, तर हॉर्न वाजवणं नियमात बसतं. तरीही पाय आधी ब्रेकवर गेला पाहिजे. हायवे कोडच्या तक्त्यानुसार ताशी ३० मैलांवर गाडी थांबायला २३ मीटर लागतात आणि २० मैलांवर १२ मीटर. हॉर्नने यातला एक मीटरही कमी होत नाही. शिवाय दचकलेलं मूल मागे जाईल, पुढे पळेल की जागीच थिजेल, हे कोणी सांगू शकत नाही. एखाद्याला ऐकूच येत नसेल. शाळेजवळ ज्याला वारंवार हॉर्न लागतो तो वेगाने चालवतो आहे, असं मी खुशाल समजते.

हॉस्पिटल आणि शाळांभोवती आखलेलं वर्तुळ इथेही सापडतं, पण ते आइस्क्रीमच्या गाडीसाठी! २०१३ च्या सरकारी आचारसंहितेनुसार तिची धून एका वेळी बारा सेकंदांपेक्षा जास्त वाजवायची नाही आणि हॉस्पिटलपासून, तसंच शाळेच्या वेळेत शाळेपासून, पन्नास मीटरच्या आत अजिबात नाही.

हॉर्नचा नियम मोडला तर जागेवर ३० पौंडांचा दंड होऊ शकतो आणि प्रकरण कोर्टात गेलं तर १००० पौंडांपर्यंत. प्रत्यक्षात दंड झालेला माणूस क्वचित भेटतो. नियम अंगवळणी पडतो तो लायसन्सच्या लेखी परीक्षेमुळे. पन्नासपैकी त्रेचाळीस उत्तरं बरोबर लागतात, आणि प्रश्नसंचात ‘हॉर्न कधी वाजवू नये’ हा प्रश्न असतो. अठराव्या वर्षी पाठ केलेलं साडेअकरा ते सात विसरलं जात नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं मात्र म्हणू नका. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत २०१० मध्ये भर पडली आणि शांतता क्षेत्रात तर सोडाच, निवासी भागातही रात्री दहा ते सकाळी सहा हॉर्नला मनाई झाली. सार्वजनिक आणीबाणीचे प्रसंग तेवढे वगळले आहेत. म्हणजे आपली रात्र इथल्यापेक्षा दीड तास आधी सुरू होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून विनाकारण हॉर्नला पहिल्या वेळी १००० आणि नंतर २००० रुपये दंड आहे. अडचण शांतता क्षेत्राची आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय कोणतीही जागा शांतता क्षेत्र ठरत नाही. हॉस्पिटल आहे म्हणून आपोआप शंभर मीटर शांतता, हे गृहीतच उरलं नाही. तुमच्या घराजवळच्या हॉस्पिटलबाहेर पाटी नसेल, तर ते क्षेत्र जाहीर झालंय का, हे महापालिकेत आणि पोलीस ठाण्यात लेखी विचारा. पण रात्री दहानंतर गल्लीत हॉर्न वाजला, तर तो नियमभंग ठरायला कोणत्याही पाटीची गरज नाही.