लोगोची नियमावली, अपडेट: मरून कार्डावरून गायब झालेली पांढरी समई

सापडलं एकदाचं! गणेशोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेवरून आपल्या मंडळाच्या लोगोतली समई कुठे गेली ते कळलं, आणि त्यामुळे नियमावलीचं रंगांचं पान मी पूर्ण उलटंपालटं करतोय.

झालं काय, तर मरून पार्श्वभूमीवर पांढरा लोगो असा बेत होता, मागच्या वेळी टाकलेल्या तक्त्यातलाच, म्हणजे पांढऱ्या आणि क्रीम कागदावर कुंकवाच्या रंगातला लोगो, भगव्या-पिवळ्यावर काळा, मरून आणि गडद हिरव्यावर पांढरा. त्याच डिझाइनचा फ्लेक्स आधी आला, एकदम झकास, लांबूनसुद्धा समईची ज्योत सुटी दिसत होती. मग ऑफसेटची कार्डं आली, ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मरून अगदी हवा तसा, सोनेरी बॉर्डर छान, आणि लोगोच्या जागी सपाट मरून. पुसट नाही, अर्धवट नाही, काहीच नाही. प्रेसवाले भैया बिचारे कॉम्प्युटर फिरवून दाखवायला लागले, "सर, स्क्रीन पे तो दिख रहा है, आप खुद देख लो।" आणि खरंच दिसत होतं!

आधी संशय प्लेटवर गेला, मग फाइल बदलली गेली असेल यावर. पण प्लेट पाहिल्या तर चार शायांच्या चारही प्लेटवर समईच्या आकाराची कोरी जागाच नव्हती, मरून सलग गेला होता. म्हणजे मशीनवर काही बिघडलं नव्हतं, प्लेट निघायच्या आधीच समई गेलेली. मग ऑपरेटरच्या शेजारी बसून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये लोगोवर राइट क्लिक केलं, तर `Overprint Fill` वर बरोबरची खूण. तिथेच सगळा उलगडा झाला.

ओव्हरप्रिंट म्हणजे खालच्या रंगात जागा न कापता वरचा रंग त्याच्यावरच छापायचा. काळ्यासाठी ही सोय उत्तम आहे, कारण बारीक काळ्या अक्षरांखाली जागा कापली आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, केसभर जरी सरकलं तरी अक्षरांभोवती पांढरी कड दिसते. म्हणून आपली काळ्या लोगोची फाइल ओव्हरप्रिंटवर आहे आणि ती तशीच राहणार. पण ऑपरेटरने पावतीपुस्तकाच्या जुन्या कामातून तो काळा लोगो उचलला आणि रंग फक्त पांढरा केला. रंग बदलला, ओव्हरप्रिंटची खूण चिकटून राहिली. आता पांढरा म्हणजे छपाईत शाईच नाही, शून्य. खालच्या मरूनमध्ये जागा कापायची नाही आणि वरून शून्य शाई टाकायची, तर उरतं काय, मरूनच! फ्लेक्सच्या मशीनच्या सॉफ्टवेअरने ती खूण विचारातच घेतली नाही म्हणून तिथे समई दिसली, ऑफसेटच्या रिपने, म्हणजे फाइलवरून प्लेट काढणाऱ्या सॉफ्टवेअरने, ती प्रामाणिकपणे पाळली म्हणून इथे गेली. साधा स्क्रीन व्ह्यू ओव्हरप्रिंट दाखवत नाही, त्यामुळे भैयाही खोटं बोलत नव्हते.

तेव्हा "लोगोचा गैरवापर" या पानावर ताणलेला लोगो, तिरका लोगो, सावली टाकलेला लोगो, पांढऱ्या डब्यासकट जेपीजी चिकटवलेला लोगो, हे सगळं होतंच, पण आता पहिल्या नंबरवर हे येणार: काळा लोगो रंग बदलून पांढरा करायचा नाही, पांढऱ्याची फाइल वेगळी आहे, तीच घ्यायची. हे मी हिंदीतच लिहिलंय, कारण इंदूरच्या प्रेसमध्ये वाचणारा माणूस हिंदी वाचतो. सुंदर मराठी पान आपल्यासाठी, कामाचं पान त्यांच्यासाठी.

वेगळी फाइल हवी याला अजून एक कारण आहे, आणि यावर मला फार वेळ खेळायला मिळालं, मजा आली. आपला मरून चार शायांचा आहे, C30 M100 Y80 K35. त्यात पांढरी रेघ ठेवायची म्हणजे चारही प्लेटवरची जागा एकमेकींवर नेमकी बसायला हवी, आणि वर शाई थोडी पसरतेच, त्यामुळे काळ्या लोगोत छान दिसणारी ज्योतीतली बारीक फट पांढऱ्यात बुजते. म्हणून पांढऱ्या आवृत्तीत ज्योत आणि दांडी जाड केली, कुठलीही पांढरी रेघ अर्ध्या पॉइंटच्या खाली जाऊ दिली नाही, आणि कार्डावर लोगोची रुंदी किमान २५ मिमी. काळा आणि पांढरा शेजारी ठेवले तर पांढरा थोडा गुबगुबीत वाटतो, पण मरूनवर छापला की दोघं जुळे भाऊ! नवीन पत्रिकेचा प्रूफ हातात आला तेव्हा भिंग लावून बघितलं, फट मोकळी आहे. खूप बरं वाटलं.

लोगोभोवती किती जागा मोकळी सोडायची हे मागे अर्धवट राहिलं होतं तेही मिटलं. माप म्हणून लोगोतल्या नावातल्या "व"ची उंची धरली, शिरोरेघेपासून खालपर्यंत. प्रश्न होता की मोजायचं कुठून, कारण शिरोरेघेवरून मोजलं की वरची वेलांटी मोकळ्या जागेत घुसते आणि बॉर्डर अगदी तिच्या डोक्यावर येऊन बसते. तर वरून वेलांटीच्या टोकापासून आणि खालून उकाराच्या तळापासून एक "व" सोडायचा. रोमन लिपीतल्या लोगोंच्या नियमावल्या बघून हे सुचत नाही, त्यांना ही भानगडच नाही. आणि भैयांनी पट्टी घेऊन मोजावं अशी अपेक्षाच नको, म्हणून फाइलमध्येच भोवती रंग आणि रेघ नसलेला चौकोन ग्रुप करून ठेवलाय, लोगो कडेला चिकटवायला गेलं की चौकोन कडेला टेकतो आणि जागा आपोआप सुटते.

फाइली जुन्या कोरलच्या आवृत्तीत सेव्ह करून द्या हे पुन्हा सांगतो. नव्या आवृत्तीची सीडीआर फाइल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही, मग भैया व्हॉट्सॲपवरचा जेपीजी उचलतात, आणि तिथून पांढरे डबे सुरू होतात. महागडं सॉफ्टवेअर त्यांनी घ्यावं असं मला अजिबात वाटत नाही, जुन्या कोरलवर ही माणसं अफाट वेगाने काम करतात.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. नियमावलीच्या पीडीएफमध्येच एक मरून चौकोन ठेवायचा आणि त्यात मुद्दाम ओव्हरप्रिंट लावलेली पांढरी फुली. खाली हिंदीत एक ओळ: यहाँ सफ़ेद क्रॉस दिखे तो आपकी स्क्रीन ओवरप्रिंट नहीं दिखा रही। फुली दिसली की `Acrobat Reader` च्या `Preferences` मध्ये `Page Display` खाली `Use Overprint Preview` ला `Always` करायचं, फुली गायब झाली की तो स्क्रीन भरवशाचा, मग त्याच्यावर पत्रिकेची पीडीएफ बघायची. प्लेट निघायच्या आधी फुकटात तपासणी! आधी मी आठ चुकांचं चित्रमय पान करणार होतो, ते आता चारवर आणतो आणि उरलेली जागा या चौकोनाला.

एक धोका दिसतो, पीडीएफ कोणी पुन्हा कोरलमध्ये आणून एक्सपोर्ट केली तर ती खूण टिकते का, आवृत्तीगणिक वेगळं होऊ शकतं. ज्यांच्या ओळखीच्या प्रेसमध्ये जुनं कोरल आहे त्यांनी चौकोन चालवून बघा आणि कुठल्या आवृत्तीत फुली परत उगवली ते कळवा. कापडी पिशव्यांच्या स्क्रीन प्रिंटिंगची एकरंगी फाइल त्यानंतर घेतो, तिथे जाळीमुळे रेघेची जाडी परत नव्याने ठरवावी लागणार आहे.