तुम्ही विचारलंत म्हणून: चुडीच्या शेवटचा अंडरकट

"भाऊ, चुडीच्या शेवटी अंडरकट किती रुंद अन् किती खोल काढायचा? ड्रॉइंगवर तं काहीच लिहून नाही."

पिच सांगा, मग सांगतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं जॉब-वर्कचं शेड आहे. आयटीआयची पोरं येतात, शेजारच्या शेडमधले टर्नर येतात आणि सगळे आधी व्यास सांगतात: "एम चोवीस आहे." एम चोवीसवर मला काहीच ठरवता येत नाही. 24 व्यासावर 3 पिचची चुडी असते तशी 2 पिचचीही असते, आणि दोन्हींचा अंडरकट, म्हणजे चुडी संपते तिथली खाच, वेगळा. उलट 20 व्यासाची आणि 30 व्यासाची चुडी दोन्ही 1.5 पिचच्या असतील, तर दोघींना एकाच मापाची खाच लागते.

तोंडी हिशेबाला दोन आकडे पुरतात. रुंदी पिचच्या साडेतीनपट. खाचेच्या तळाचा व्यास म्हणजे चुडीच्या बाहेरच्या व्यासातून पिचची दीडपट वजा. हे मी घरचं सांगत नाही. डीआयएन 76 या जर्मन मानकाच्या तक्त्यातले आकडे साधारण याच प्रमाणात चालतात. 2 पिचला तक्ता म्हणतो: तळाचा व्यास बाहेरच्या व्यासापेक्षा 3 मिमीने कमी, एकूण रुंदी जास्तीत जास्त 7, तळाचा सपाट भाग कमीत कमी 4.5, कोपऱ्याला 1 मिमी त्रिज्या. तक्ता हाताशी असेल तर त्यातलाच आकडा घ्या, कारण दीडपटीचा हिशेब काही पिचला दहा-वीस शतांशाने हलतो. 3 पिचला वजाबाकी 4.5 येते, तक्त्यात 4.4 आहे.

आता रुंदीचा पिचशी संबंध काय, ते नीट पाहू. साध्या लेथवर चुडी काढताना चक एक फेरा फिरला की टूल एक पिच पुढे जातं. म्हणजे खाचेची रुंदी पिचमध्ये मोजली की ती आपोआप फेऱ्यांमध्ये मोजली जाते. 2 पिचला सपाट तळ साडेचार मिमी, म्हणजे सव्वादोन फेरे. त्यातला अर्धा फेरा टूलच्या पुढच्या बाजूच्या रुंदीत जातो, कारण टोक खाचेत पोहोचलं तरी टूलची पुढची बाजू त्याच्या मिमीभर पुढे असते आणि खाचेपलीकडच्या जाड कॉलरला आधी तीच भिडणार. उरले पावणेदोन फेरे. लेथ 60 आरपीएमवर असेल तर एका सेकंदाला एक फेरा. तेवढ्या पावणेदोन सेकंदांत क्रॉस स्लाइड मागे ओढायची आणि हाफ नट सोडायचा. पिच 1 असो की 3, वेळ जवळपास तेवढाच मिळतो. आरपीएम 150 केलं की तोच वेळ पाऊण सेकंदाच्याही खाली येतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी तीन वाजता पाऊण सेकंदात हात चालवायचा म्हणजे टूलचं टोक कॉलरवर आपटायला बसलेलंच असतं. ऑपरेटर मग "खाच मोठी करा ना" म्हणतो. त्यापेक्षा आरपीएम उतरवा.

खोलीचं कारण सरळ आहे. 60 अंशांच्या मेट्रिक चुडीची एका बाजूची खोली पिचच्या 0.6134 पट असते. 2 पिचला 1.227 मिमी, म्हणजे 24 व्यासावर चुडीच्या मुळाचा व्यास 21.546. अंडरकटचा तळ 21.0. दर बाजूला साधारण पाव मिमी मोकळी जागा राहते आणि शेवटच्या पासला टूलचं टोक खाचेत आलं की कशालाही न लागता फिरतं. खाच 22 वर सोडली तर पहिले पास सुरळीत जातात, कारण तोवर टोक तेवढं खोल गेलेलं नसतं. शेवटच्या दोन-तीन पासना मात्र टोक खाचेच्या तळावर व्ही-आकाराची रेघ मारू लागतं. जॉब हातात घेऊन खाचेत पाहा. तळावर बारीक गोल रेघ दिसली तर खोली कमी पडली. टूल त्या रेघेतच थांबलेलं असतं, त्यामुळे टोक उडतं ते बहुतेक तिथेच. आणि वाकणाऱ्या, हादरणाऱ्या शाफ्टला तडा जायचा असेल तर त्याला ती धारदार रेघ आयतीच मिळते.

मग जास्तच खोल का नको? 24×2 चुडीचं ताण घेणारं क्षेत्रफळ सुमारे 384 चौरस मिमी येतं. 21 व्यासाच्या खाचेचं 346, म्हणजे मानकाप्रमाणे काढलेली खाचही चुडीपेक्षा दहा टक्क्यांनी कमजोर आहे. तीच 20 वर नेली की 314 उरतं, अठरा टक्के गेले. म्हणून तक्ता या व्यासाला एच13 टॉलरन्स देतो: 21.00 च्या वर नाही आणि 20.67 च्या खाली नाही. कोपऱ्याची त्रिज्याही याच कारणासाठी. पार्टिंग टूल सरळ घुसवून चौकोनी खाच काढणं सोपं, पण कॉलरच्या बुडाशी चौकोनी कोपरा राहतो आणि ताण तिथेच गोळा होतो. टूलच्या कोपऱ्याला 1 मिमीची गोलाई घासून घ्या.

चुडीच्या बाजूला खाचेची भिंतही सरळ नसते, तिला 30 अंशांचा उतार असतो. दीड मिमी खोलीला तो अडीच मिमी लांबी खातो. सात रुंदी आणि साडेचार सपाट, यातला फरक तो हाच. सरळ भिंत ठेवली तर शेवटचा आटा जिथे खाचेत उघडतो तिथे पत्र्यासारखी पातळ कड उरते, ती वाकते आणि नट तिथे अडकतो.

आता ज्या जॉबमुळे हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो, तो सांगतो. जिनिंगच्या मशीनच्या शाफ्टचं टोक, 24×2 चुडी, चुडीमागे कॉलर. त्यावर 12 मिमी जाड, आतून चुडी असलेला फ्लँज फिरवत नेऊन कॉलरला घट्ट बसवायचा. खाच काढायची ती फ्लँजने कॉलरला टेकावं म्हणूनच. खाच नसेल तर शेवटच्या अर्धवट आट्यावर तो अडतो. पण हिशेब करून पाहा. कॉलरला टेकलेल्या फ्लँजच्या 12 मिमीपैकी 7 मिमी खाचेवर गेले. चुडीला धरून राहिले 5, म्हणजे अडीच आटे. फ्लँजच्या बाहेरच्या तोंडाचं चेम्फर धरलं की दोनच. एवढ्यावर फ्लँज घट्ट करायचा म्हणजे चुडी सोलून निघण्याची तयारी. नेहमीच्या पूर्ण उंचीच्या एम चोवीस नटची उंची साडेएकवीस असते, त्यातून सात गेले तरी सात आटे उरतात. म्हणून तिथे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

अशा जागी त्याच मानकातला आखूड प्रकार घ्यायचा. त्याची रुंदी जास्तीत जास्त पिचच्या अडीचपट, म्हणजे 2 पिचला 5 मिमी. खोली तीच. चुडीला 7 मिमी मिळतात, साडेतीन आटे. त्याहून जास्त हवे असतील तर शाफ्टवरची खाच अरुंद करत बसू नका, फ्लँज जाड करा. 12 चा 16 केला की आखूड खाचेवर साडेपाच आटे येतात.

मात्र आखूड खाचेत सपाट तळ जेमतेम अडीच मिमी उरतो आणि टूलची पुढची बाजू वजा केली की हातात एका फेऱ्याहून कमी. साध्या लेथवर मी इथे उलटं काम करतो: टूल खाचेत ठेवून सुरुवात करायची, चक उलटा फिरवायचा आणि कॉलरकडून टोकाकडे चुडी काढत बाहेर यायचं. टूल पालथं बांधावं लागतं. बाहेर मोकळी हवा, त्यामुळे थांबण्याची घाई नाही. चक आट्यांवर बसवलेला असेल तर हे करू नका, उलट्या फेऱ्याने तो सुटून येतो.

सीएनसीवर माणसाचा हात मध्ये नाही, पण अक्षाला थांबायला जागा लागतेच. थांबता थांबता त्याचा वेग उतरतो आणि तेवढ्या अंतरात पिच चुकतो. फॅनुकच्या मॅन्युअलमध्ये या अंतरासाठी ढोबळ सूत्र आहे: पिच गुणिले आरपीएम, भागिले 1800. 600 आरपीएमला 2 पिचचं अंतर 0.67 मिमी. खराब पिचचा तेवढा तुकडा खाचेच्या हवेत पडला पाहिजे, चुडीत नाही. कॉलर तोंडापासून 40 वर असेल आणि खाच 7 ची असेल, तर टूलचं टोक 38 वर थांबवतो. उताराच्या पायथ्यापासून अडीच मिमी पुढे आणि कॉलरपासून 2 मिमी अलीकडे.

```
G97 S600 M03
G00 X28.0 Z6.0
G76 P020060 Q100 R0.05
G76 X21.546 Z-38.0 P1227 Q300 F2.0
```

टोकापासून इन्सर्टच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर आधी मोजा. ते 2 पेक्षा कमी असलं पाहिजे, नाहीतर कॉलर घासली जाईल. पहिल्या P मधले मधले दोन शून्य खाचेसाठीच आहेत: खाच आहे म्हणून शेवटी तिरकं बाहेर निघणं नको. तिथे 10 राहून गेलं तर टूल शेवटच्या एका पिचमध्ये तिरकं वर येतं. आखूड खाचेत शेवटचा आटा मग उथळ राहू शकतो आणि फ्लँज कॉलरपाशी येऊन अडतो.

तपासायला रिंग गेज कॉलरपर्यंत फिरवा आणि मध्ये 0.05 ची फीलर घालून पाहा. फीलर सगळीकडून आत जात असेल तर गेज आट्यावर अडलंय: उतार, कड किंवा शेवटचा उथळ आटा तपासा. एकाच बाजूने जात असेल तर खाचेला दोष देऊ नका. कॉलरचं तोंड चुडीला काटकोनात नाही, ते चुडीच्याच सेटिंगमध्ये फेस करून घ्यायला हवं होतं.