एक्स-रे स्वच्छ, तरीही हाताला प्लास्टर

पावसाळ्यात उपवन तलावाकाठी शेवाळलेल्या फरशीवरून पाय सटकला आणि तोल सावरायला मी उजवा हात पुढे टाकला. सगळा भार तळहातावर आला. मनगट दुखत होतं, पण सूज जेमतेम, कुठे वाकडंतिकडं नाही, बोटंही व्यवस्थित हलत होती. ‘मुरगळलंय, होईल बरं’ असं घरी सगळ्यांचंच मत पडलं आणि आईने हळदीचा लेप लावला. दुसऱ्या दिवशी डब्याचं झाकण फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ आली की सरळ नौपाड्यातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो.

मॅडमनी आधी विचारलं, पडताना तळहात टेकला की हाताची मागची बाजू? मग अंगठा ताठ वर उचलायला लावला. तसं केलं की मनगटाच्या कडेला, अंगठ्याच्या मुळाशी दोन कंडरा ताणून उभ्या राहतात आणि त्यांच्यामध्ये एक छोटा खळगा पडतो. तुम्हीही स्वतःच्या हातावर बघा, सहज दिसेल. त्या खळग्यात त्यांनी बोटाने दाबलं आणि मी हात मागेच ओढला. आधी डाव्या हाताचा तोच खळगा त्यांनी तेवढ्याच जोराने दाबून घेतला होता, कारण जोरात दाबलं तर तिथे चांगल्या हातालाही थोडं दुखतंच. मग तळहाताच्या बाजूला अंगठ्याखालचा उंचवटा दाबला, शेवटी अंगठा धरून मनगटाच्या दिशेने हलकेच रेटला. तिन्ही ठिकाणी दुखलं.

एक्स-रेसाठी मनगट करंगळीकडे झुकवून वेगळ्या फिल्म काढायला त्यांनी मुद्दाम लिहून दिलं. फिल्म आल्या, त्यात काहीच नव्हतं. मी सुटकेचा निश्वास टाकला, पण मॅडम म्हणाल्या, “फोटो स्वच्छ आहे, पण दुखण्याची जागा मला पटत नाहीये. हे स्कॅफॉइड मोडलंय असंच धरून चालू.” आणि हाताला स्लॅब घातला.

बाबा सोबत होते. त्यांनी विचारलंच, “अहो, फोटोत काही नाही तर प्लास्टर कशाला?” तेव्हा मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. स्कॅफॉइड हे काजूएवढं हाड, मनगटात तिरपं बसलेलं. त्याला बारीक चीर गेली आणि तुकडे जागचे हलले नाहीत, तर एक्स-रेचा झोत नेमका चिरेच्या रेषेतून जाईपर्यंत ती दिसत नाही, शेजारच्या हाडांच्या सावल्याही वर पडतात. साधारण 10 ते 14 दिवसांनी चिरेच्या कडांचं हाड थोडं झिजतं आणि मग रेघ उमटते. म्हणून तेव्हा पुन्हा फोटो काढायचा, किंवा थांबायचं नसेल तर एमआरआय करायचा. त्यात चीर पहिल्या काही दिवसांतच कळते.

थांबण्यात धोका काय, तेही त्यांनी त्याच चित्रावर समजावलं. या हाडाला बरंचसं रक्त अंगठ्याकडच्या टोकाजवळून मिळतं आणि तिथून ते उलटं, कोपराच्या दिशेने वाहतं. हाडाच्या कमरेत, म्हणजे मधल्या अरुंद भागात, चीर गेली की मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. हात मोकळा ठेवून वापरत राहिलं तर तुकडे जुळत नाहीत, मागचा तुकडा मरू शकतो आणि काही वर्षांनी मनगटाचा सांधाच झिजतो. मुरगळलंय समजून चार आठवडे गेले की न जुळण्याची शक्यता बरीच वाढते. खळगा दुखणाऱ्या पुष्कळ लोकांचं हाड शेवटी शाबूत निघतं, हेही मॅडमनी लपवलं नाही. त्यांना थोडे दिवस विनाकारण प्लास्टर बसतं, पण चुकलेल्या फ्रॅक्चरपेक्षा ते परवडलं.

उजव्या हाताशिवाय माझं काम अडत होतं, म्हणून मी एमआरआय केला. हाडाच्या कमरेत चीर निघाली, तुकडे सरकलेले नव्हते. स्क्रू घालून शस्त्रक्रिया करायची की प्लास्टरवरच ठेवायचं, दोन्ही पर्याय समोर होते. तुकडे न सरकलेल्या चिरेला प्लास्टर पुरतं, पुढे जुळलंच नाही तर स्क्रू आहेच, असं मॅडमचं मत पडलं आणि मला ते पटलं. तुकडे सरकलेले असते किंवा चीर कोपराकडच्या टोकाला असती, तर त्यांनी शस्त्रक्रियेकडेच कौल दिला असता.

प्लास्टर निघाल्यावर दुखणं जवळजवळ गेलं होतं. मला वाटलं, झालं! पण हे हाड जुळलं की नाही हे साध्या फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही, म्हणून मॅडमनी सीटी स्कॅन करायला लावला. चिरेच्या बहुतेक भागात हाड जोडलेलं दिसलं. मनगट मात्र पार आखडलं होतं. आता फिजिओथेरपी चालू आहे, हळूहळू वाकतंय. तळहातावर भार टाकायचे व्यायाम आणि बाईक मॅडम सांगतील तेव्हाच सुरू करायची आहे.